रिकाम्या पोटी व्यायाम : चरबी किती जळते आणि धोका कोणाला?

पहाटे पाचच्या सुमारास विदर्भातल्या कोणत्याही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर दोन प्रकारची माणसे हमखास दिसतात. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी तरुण मुले, आणि शुगर किंवा वजन वाढल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून भरभर चालू लागलेली पन्नाशीपुढची मंडळी. दोघांचेही पोट बहुधा रिकामे असते, आणि पोटात काही नसेल तर शरीराला चरबीच जाळावी लागते, असा दोघांचाही समज असतो. हा समज पूर्णपणे खोटा नाही. मात्र तो जेवढा खरा आहे तेवढ्याने वजन उतरत नाही, आणि यातल्या काही माणसांना तो थेट संकटात नेऊ शकतो.

रात्री आठला जेवून झोपलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातले इन्सुलिन पहाटेपर्यंत बरेच खाली आलेले असते. चरबीच्या पेशींमधून चरबी बाहेर पडू न देणे हे इन्सुलिनचे एक काम असल्यामुळे, ते कमी झाले की चरबी अधिक सहज रक्तात उतरते आणि चालणारे स्नायू ती इंधन म्हणून वापरतात. शरीराकडे याशिवाय साखरेचाही साठा असतो, पण तो दोन ठिकाणी वेगवेगळा ठेवलेला असतो. स्नायूंमधला साठा म्हणजे ज्याच्या त्याच्या शेतातली विहीर, तिचे पाणी त्याच शेताला मिळते. यकृतातला साठा म्हणजे गावाची सार्वजनिक विहीर, आणि मेंदूसुद्धा तिच्यावरच अवलंबून असतो. रात्रभर मेंदू तासाला सुमारे 5 ग्रॅम साखर वापरत राहतो, त्यामुळे पहाटे स्नायूंचा साठा जवळपास जसाच्या तसा असला तरी यकृताचा साठा बराच आटलेला असतो. पुढचा सगळा मुद्दा या सार्वजनिक विहिरीभोवतीच आहे.

आता हिशेब करून पाहू. सत्तर किलो वजनाचा माणूस पाऊण तास भरभर चालला, तर साधारण 200 कॅलरी खर्च होतात. रिकाम्या पोटी त्यातल्या 60 टक्के चरबीतून आल्या असे धरले, तर सुमारे 13 ग्रॅम चरबी जळते. पोहे खाऊन चालल्यास हा वाटा 45 टक्क्यांवर आला असे समजू, म्हणजे 10 ग्रॅम. टक्केवारी माणसागणिक बदलते, परंतु अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून 2016 साली काढलेला सरासरी फरकही असाच, दर व्यायामामागे सुमारे 3 ग्रॅम, निघाला होता. तीन ग्रॅम चरबी म्हणजे 27 कॅलरी, आणि चहात घातलेल्या दोन चमचे साखरेतून याहून अधिक कॅलरी पोटात जातात.

हा छोटा फरकसुद्धा दिवसअखेर टिकेलच असे नाही. जो खाऊन चालला त्याने त्या वेळी साखर अधिक जाळली, म्हणून पुढच्या काही तासांत त्याचे शरीर चरबीकडे अधिक वळते. जो उपाशी चालला तो नंतर न्याहारी करतो आणि त्याचे शरीर त्या न्याहारीतली साखर वापरू लागते. अमेरिकेत 2014 साली वीस तरुणींवर झालेल्या एका प्रयोगात सर्वांना मोजका आहार आखून दिला होता आणि आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम करवून घेतला होता. निम्म्या जणी उपाशी, निम्म्या खाऊन. चार आठवड्यांनी दोन्ही गटांची चरबी उतरली, पण दोघांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. उपाशी व्यायामाच्या बाजूची एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ब्रिटनमध्ये जाड पुरुषांवर सहा आठवडे झालेल्या एका प्रयोगात न्याहारीआधी व्यायाम करणाऱ्यांचे वजन अधिक उतरले नाही, तरी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. म्हणून ज्याला कोणताही आजार नाही आणि रिकाम्या पोटी चालताना त्रास होत नाही, त्याने ती सवय मोडण्याचे कारण नाही.

मधुमेहाच्या काही रुग्णांचे गणित मात्र निराळे आहे. समजा, वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातले साठीचे गृहस्थ ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते, पण ते पहाटे उठल्याबरोबर ती घेतात, फक्त पाणी पिऊन तासभर चालतात आणि परतल्यावर ओलिताला जाण्याच्या घाईत न्याहारी नऊवर ढकलतात. रक्तातली साखर कितीही असो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ते इन्सुलिन यकृतातून साखर बाहेर येऊ देत नाही, आणि त्याच वेळी चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेत असतात. ज्या कमी इन्सुलिनमुळे उपाशीपोटी चरबी सुटते, ते कमी इन्सुलिनच इथे नसते. म्हणजे धोका पूर्ण पत्करायचा, आणि ज्यासाठी पत्करायचा तो लाभही नीट मिळत नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनलाही हेच लागू होते. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची साखर अशी सहसा घसरत नाही, म्हणून आपली गोळी कोणती आहे हे पाकिटावर वाचून घेणे फार महत्त्वाचे आहे.

साखर 70 च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडते, आणि त्यानंतर बोलणे असंबद्ध होते. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवेलच असे नाही, घाम मात्र येतो. मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येत असल्यामुळे तीही खूण हातची जाते. साखर घसरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांनी निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि ती 90 च्या खाली असेल तर आधी एक केळे किंवा पोळी खावी. खिशात साखरेची पुडी ठेवावी. लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता 108 ला फोन करावा. गोळीची वेळ बदलायची की मात्रा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

भरतीच्या मुलांचा प्रश्न चरबीचा नाहीच. सोळाशे मीटरच्या जोरकस धावेत स्नायू मुख्यतः आपल्याच साठ्यातली साखर वापरतात, आणि तो साठा आदल्या रात्रीच्या भाकरी-वरणातून भरलेला असतो. रात्री नीट जेवलेल्या मुलाने रिकाम्या पोटी अर्धा तास धावले तर बिघडत नाही. रात्री अर्धपोटी राहून पहाटे दीड तास सराव करणाऱ्याला मात्र चक्कर येऊ शकते, आणि रक्त कमी असलेल्या मुलींना तर अधिकच.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो सिकलसेलचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नागपूरपर्यंत हा आजार अनेक कुटुंबांत आहे. शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. उपाशी निघणारा माणूस बहुधा पाणीही न पिता निघतो, हाच इथला खरा धोका आहे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलसेलचे जनुक मिळालेल्या, रुग्णाने काही न खाता-पिता जोरकस व्यायाम करूच नये. एएस पॅटर्नचा, म्हणजे दोघांपैकी एकाकडूनच ते जनुक मिळालेला, माणूस एरवी निरोगी असतो, पण उन्हाळ्यात तहानलेल्या स्थितीत जिवाच्या आकांताने धावल्यास त्याचेही स्नायू निकामी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. भरतीचा सराव सुरू करण्यापूर्वी रक्ताची सिकलसेल तपासणी करून घ्यावी, आणि पॅटर्न एएस निघाल्यास धावण्याआधी व मधल्या विश्रांतीत पाणी प्यावे, वेग हळूहळू वाढवावा आणि स्नायूंत असाधारण वेदना किंवा अशक्तपणा जाणवताच त्याच क्षणी थांबावे.