आयजीजी की आयजीई? ऑनलाइन फूड इनटॉलरन्स रिपोर्ट वाचण्याआधी

बोटातून चार थेंब रक्त पाठवायचं आणि पन्नास-शंभर पदार्थांची लाल-पिवळी-हिरवी यादी मिळवायची, अशी ही ऑनलाइन फूड इनटॉलरन्स, म्हणजे कोणतं अन्न सोसत नाही ते सांगणारी, टेस्ट असते. ती मोजते आयजीजी. अ‍ॅलर्जीचे डॉक्टर तपासतात ते आयजीई. दोन्ही प्रतिपिंडंच, पण त्यांची कामं अगदी वेगळी.

आयजीई अ‍ॅलर्जीच्या पेशींवर बसलेलं असतं. शेंगदाण्याचं प्रथिन त्याला चिकटलं की हिस्टामिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, पित्त उठतं, ओठ सुजतात, श्वास अडकतो. (नुसतं आयजीई पॉझिटिव्ह आलं म्हणजे अ‍ॅलर्जी ठरत नाही, खाल्ल्यावर काय होतं तेही जुळावं लागतं.)

आयजीजी मात्र निरोगी माणसातही अन्नाविरुद्ध तयार होतं. जे वारंवार खाता, त्याचं जास्त. त्यातला आयजीजी-४ हा प्रकार तर बहुधा अन्न सोसल्याची खूण असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात तान्हेपणापासून शेंगदाणा खाणाऱ्या मुलांना त्याची अ‍ॅलर्जी कितीतरी कमी झाली, आणि त्यांच्याच रक्तात शेंगदाण्याचं आयजीजी-४ जास्त होतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने तर २००८ मध्येच सांगितलं होतं की इनटॉलरन्सच्या निदानासाठी ही टेस्ट वापरू नये.

मग रिपोर्ट पाळून लोकांना बरं का वाटतं? समजा, रोज दूध, गहू आणि अंडी खाणाऱ्या एका बाईंचं पोट फुगतं. रिपोर्टमध्ये हे तिन्ही लाल येतात, कारण तेच त्यांचं रोजचं खाणं आहे. त्या तिन्ही बंद करतात आणि पोट शांत होतं. खरं कारण होतं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज त्यांच्या आतड्यात कमी आहे, आणि या त्रासात प्रतिपिंडांचा संबंधच नाही. पण श्रेय रिपोर्टला जातं, आणि गहू-अंडी विनाकारण सुटतात. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली तर आकडे उतरलेले दिसतात. ते उतरणारच, कारण खाणंच थांबलं होतं. याला ‘सुधारणा’ म्हणून दाखवलं जातं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. लॅक्टोजचा संशय असेल तर दोनेक आठवडे फक्त दूध टाळून पुन्हा घेऊन पाहावं, किंवा श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करावी.

हिरवा रंग तर जास्त धोक्याचा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला माणूस तो खातच नाही, म्हणून त्याचं आयजीजी कमी येऊ शकतं. तो हिरवा ठिपका पाहून त्याने शेंगदाणा खाल्ला, तर जिवावर बेतू शकतं.

गव्हाचं आणखी एक. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिअ‍ॅक आजाराची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए, गहू खाणं चालू असतानाच भरवशाची असते. लाल ठिपका पाहून आधीच गहू सोडला, तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. म्हणून ही तपासणी आधी, पथ्य नंतर.