बिनहँडलचं शटर: खाच बरी की खटका?

मॉड्युलर किचनमधून हँडल गेलं, तरी शटर उघडायला बोटांना त्याची कड कुठेतरी सापडायलाच हवी. त्यासाठी दोन उपाय चालतात. पहिल्यात ओटा आणि शटर यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची वळणदार पट्टी बसवून बोटं जातील एवढी खाच ठेवतात. बाजारात तिला गोला प्रोफाइल म्हणतात. दुसऱ्यात खाच नसतेच. आत स्प्रिंगचा खटका असतो, म्हणजे पुश लॅच. शटर दाबलं की ते स्वतःच थोडं पुढे येतं. शोरूममध्ये दोन्ही तितकेच देखणे दिसतात, कारण तिथल्या ट्रॉल्या रिकाम्या असतात आणि शेजारी कोणी पुऱ्या तळत नसतं.

आधी खटक्याकडे पाहू, कारण कटकटी त्याच्याच जास्त. त्याच्या पोटात बटण दाबायच्या बॉलपेनसारखीच रचना असते: एकदा दाबलं की दांडी आत अडकते, पुन्हा थोडं दाबलं की सुटते आणि स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. गोम आहे ती ‘पुन्हा थोडं दाबलं’ यातच. अडकलेली दांडी सुटण्यासाठी शटरला बंद अवस्थेतूनही आणखी आत जायला जागा लागते. म्हणून शटर बॉक्सला पूर्ण टेकवून बसवत नाहीत, मध्ये साधारण 2 ते 3 मिलिमीटरची फट ठेवतात. खटक्याचा सगळा खेळ त्या फटीवर चालतो.

आणि ती फट टिकत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होऊन शटर किंचित झुकतं, पावसाळ्यात सिंकखालचं प्लाय फुगतं, बॉक्सच्या कडेला पिठाचा थर बसतो. यातलं काहीही एखाद्या मिलिमीटरचा फरक पाडतं आणि मग शटर कितीही दाबा, ते ढिम्म राहतं. लोक खटका बदलतात, पण बहुतेक वेळा खटका चांगलाच असतो. तपासायची सोपी युक्ती अशी: तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली की जवळपास सव्वादोन मिलिमीटर जाडी होते. शटर बंद करून, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला ती फटीत सरकवून पाहा. वर सरकली आणि खाली अडली, तर शटर तिरकं झालंय. बिजागरीवरचा मागेपुढे करणारा स्क्रू फिरवला की काम होतं.

दुसरी अडचण तरफेची. समजा शटर 45 सेंटिमीटर रुंद आहे आणि खटका बिजागरीपासून लांबच्या टोकाला आहे. त्या टोकापाशी दाबलं तर बोटाचा स्पर्श पुरतो. मधोमध दाबलं तर जवळपास दुप्पट जोर लागतो, आणि बिजागरीजवळ दाबलं तर काहीच होत नाही. उंच शटरमध्ये आणखी एक गंमत होते. खटका वरच्या टोकाला आणि हात छातीच्या उंचीवर असेल, तर शटरच मध्ये लवतं आणि खटक्यापर्यंत धक्का पोचतच नाही. म्हणून उंच कपाटाला खटका हाताच्या उंचीवरच लावून घ्यावा.

खटक्याला बिजागरीही वेगळी लागते. नेहमीच्या बिजागरीत शटर ओढून बंद ठेवणारी स्प्रिंग असते. ती खटक्याच्या स्प्रिंगशी भांडते, म्हणून इथे बिनस्प्रिंगची बिजागरी वापरतात आणि शटर बंद ठेवायचं काम खटक्याच्या टोकावरचं चुंबक करतं. म्हणजे दार हलकेच आपोआप मिटण्याची सोय गेली. दार शेवटपर्यंत नेऊन ‘टक्’ होईपर्यंत दाबावं लागतं, नाहीतर ते बोटभर उघडं राहतं आणि येता-जाता गुडघ्याला लागतं. उलट, जोरात आपटलं तर दांडी अडकून लगेच सुटते आणि शटर परत बाहेर येतं.

ट्रॉलीत हीच गोष्ट वजनामुळे अवघड होते. उघडायची ताकद त्या स्प्रिंगमध्ये येते कुठून? तर आपण बंद करताना दिलेल्या जोरातून. म्हणजे भरलेली ट्रॉली उघडायला हलकी वाटली, तरी बंद करताना ती किंमत वसूल होतेच. कढया, कुकर, लोखंडी तवे भरलेली 90 सेंटिमीटरची ट्रॉली घ्या. वजन स्प्रिंगच्या कुवतीपलीकडे गेलं की ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर पुढे येते, बोट आत जात नाही आणि पकडायला हँडलही नसतं. शिवाय इतकी रुंद ट्रॉली एका कोपऱ्यात दाबली तर एकाच बाजूचा खटका सुटतो. दोन्ही बाजू एकदम सुटाव्यात म्हणून आडवी जोडदांडी मिळते, पण कोटेशनमध्ये ती बहुधा गाळलेली असते. विचारून घ्या.

खाचेत हलणारा भागच नाही, त्यामुळे यातलं काही बिघडत नाही. तिची किंमत जागेत मोजावी लागते. नेहमीचा खालचा बॉक्स 720 मिलिमीटर उंच असतो. त्यात ओट्याखालची पट्टी साधारण 60 मिलिमीटर घेते आणि दोन ट्रॉल्यांमधली सुमारे 70. ट्रॉली बाहेर येताना या पट्टीच्या खालून सरकते, म्हणून आतलं भांडंही तिच्या खालून जायला हवं. मागे भरपूर उंची दिसते म्हणून कुकर उभा ठेवला, तर त्याची शिट्टी पट्टीला अडते आणि ट्रॉली अर्ध्यावर थांबते. ऑर्डर देण्याआधी घरातल्या सर्वांत उंच भांड्याचं माप घ्या, झाकण आणि शिट्टीसकट.

पट्टी बसवायला बॉक्सच्या बाजूच्या फळ्या समोरून कापाव्या लागतात. आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये ओटा कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर असतो आणि त्यांच्यामध्ये ट्रॉल्या सरकवलेल्या असतात. तिथे कापायला फळीच नाही. आतून वेगळा लाकडी बॉक्स केला तर रुंदीही जाते. अशा ओट्याला साधं हँडल लावावं, हे माझं स्पष्ट मत.

राहिली स्वच्छता. फोडणीची, तळणाची वाफ थंड पृष्ठभागावर बसते आणि त्या तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन काही आठवड्यांत चिकट, वार्निशसारखा थर तयार होतो. शेगडीजवळच्या खाचेत तो हमखास सापडतो, त्यावर पीठ आणि मोहरी चिकटते. खाच निदान दिसते आणि ओल्या फडक्याने पुसता येते. खटक्याच्या दांडीवर तोच थर बसला तर ती आत रुतू लागते, आणि पुसायला हात पोचत नाही. मात्र खाच साफ करायला धुण्याचा सोडा किंवा ड्रेन साफ करायची पावडर नको. अॅल्युमिनियमला वाचवणारा ऑक्साइडचा थर तीव्र अल्कलीत विरघळतो, पट्टीवर पांढुरके डाग पडतात आणि ते जात नाहीत. भांड्यांचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश पुरतो.

सिंकखाली आणि शेगडीखाली खटका मी लावू देणार नाही. भांडी घासताना आपण ओट्याला रेलतो, पोटाचा किंवा गुडघ्याचा दाब पुरतो आणि शटर पायावर उघडतं. वरच्या कपाटांना तर यातलं काहीच लागत नाही. शटर बॉक्सच्या तळापेक्षा दोन सेंटिमीटर खाली उतरवून घेतलं की बोटं खालून सहज बसतात, आणि नेहमीची हलकेच मिटणारी बिजागरीही वापरता येते. खटका ठेवायचाच असेल तर क्वचित उघडणाऱ्या कपाटाला ठेवा, दिवाळीची भांडी असतात त्या.