लंडनचा हुकूमनामा, नाशिकची दरखास्त

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात लंडनच्या हायकोर्टाच्या एका आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल झाली होती. वाद पेटंटचा होता. सेलेम ही फ्रेंच कंपनी एका बाजूला आणि नाशिकची अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या बाजूला. लंडनच्या न्यायालयाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही, हा अल्कॉनचा आक्षेप तिथे 2006 साली फेटाळला गेला आणि सुमारे 12,230 पौंड खर्चापोटी देण्याचा आदेश झाला. ती रक्कम वसूल करायला फ्रेंच कंपनीने नाशिक गाठले. पण तिने नवा दावा लावला नाही, साक्षीपुरावे पुन्हा मांडले नाहीत. थेट दरखास्त दिली, जणू तो हुकूमनामा नाशिकच्याच न्यायाधीशांनी दिला होता.

हाच आदेश न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा असता, तर ही दरखास्त दाखलच करून घेता आली नसती. न्यूयॉर्कचे न्यायाधीश लंडनच्या न्यायाधीशांहून कमी दर्जाचे आहेत, असे आपला कायदा कुठेही म्हणत नाही. ब्रिटनचे नाव भारत सरकारच्या राजपत्रात आहे आणि अमेरिकेचे नाही, एवढाच फरक. तो का पडला हे कळायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

फरीदकोट संस्थानच्या राजाने आपल्या माजी खजिनदारावर संस्थानच्या न्यायालयात पैशाचा दावा लावला. खजिनदार नोकरी सोडून केव्हाच जिंद संस्थानात राहायला गेला होता. तो हजर झाला नाही आणि एकतर्फी हुकूमनामे झाले. राजाने त्यांच्या आधारे लाहोरच्या ब्रिटिश न्यायालयात वसुलीचा दावा आणला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. जो माणूस हद्दीत राहत नाही आणि ज्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्यही केलेला नाही, त्याच्यावरचा असा हुकूमनामा हद्दीबाहेर शून्यवत आहे, असा निकाल 1894 साली लागला. परदेशी निकाल केव्हा अंतिम मानायचा नाही, हे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 13 सांगते; त्यातल्या पहिल्या अपवादामागे हाच विचार आहे.

हे तत्त्व स्वातंत्र्यानंतरही टिकले. सरदार शितोळे यांनी ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायालयातून 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा मिळवला होता आणि प्रतिवादी उत्तर प्रदेशात होते. संस्थान भारतात विलीन झाले, राज्यघटना आली, तरी सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली सांगितले की निकाल झाला तेव्हा ग्वाल्हेरचे न्यायालय परकेच होते आणि नंतरच्या विलीनीकरणाने त्या हुकूमनाम्यात जीव येत नाही.

या दोन्ही निकालांत परस्परतेचा, म्हणजे ‘तुम्ही आमचे निकाल माना, मग आम्ही तुमचे मानू’ या देवाणघेवाणीचा प्रश्न नव्हता. तो ठळकपणे आला 1895 साली अमेरिकेत. पॅरिसमध्ये धंदा करणाऱ्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांविरुद्ध फ्रेंच न्यायालयाने रकमेचा निकाल दिला होता. फ्रान्स अमेरिकन निकाल अंतिम मानत नाही, मुद्दे पुन्हा तपासतो. म्हणून आम्हीही फ्रेंच निकाल अंतिम मानणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. माझ्या मते हा अन्यायच होता. व्यापाऱ्याने आपल्या सरकारच्या धोरणाची किंमत का मोजावी? त्या चार न्यायाधीशांचाही सूर असाच होता आणि पुढे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ही अट सोडून दिली.

इंग्रजांची अडचण उलटी होती. त्यांची न्यायालये परदेशी निकालाला एक प्रकारचे कर्ज समजत आणि त्यावर नवा दावा लावू देत, मग तो देश काहीही करो. पण युरोपातले अनेक देश परस्परतेचा लेखी पुरावा मागत आणि तो नसल्याने इंग्रज व्यापारी रिकाम्या हाताने परत येत. यावर तोडगा म्हणून 1933 चा कायदा आला: जो देश आमचे निकाल मानेल, त्याच्या निकालांची आम्ही नुसती नोंदणी करू आणि वसुली करून देऊ. तसाच दरवाजा भारतात 1937 साली दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 44क म्हणून बसवला गेला. स्वतंत्र भारताने ब्रिटनला 1953 मध्ये अधिसूचित केले आणि ब्रिटनने 1958 मध्ये भारतासाठी तसा आदेश काढला.

म्हणून इथे परस्परता निकाल खरा की खोटा हे ठरवत नाही, फक्त वाट ठरवते. अधिसूचित देशाच्या वरिष्ठ न्यायालयाचा हुकूमनामा असेल, तर त्याची प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचे त्या न्यायालयाचे प्रमाणपत्र घेऊन जिल्हा न्यायालयात दरखास्त देता येते. कर, दंड किंवा लवादाचा निवाडा या वाटेने येत नाही. अधिसूचित नसलेल्या देशाचा निकाल असेल, तर तोच निकाल आधार धरून नवा दावा लावावा लागतो आणि त्याला निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत असते. कलम 13 चे अपवाद दोन्ही वाटांवर उभे असतात.

नाशिकच्या कंपनीने असेच आक्षेप पुढे केले. आदेश वादाच्या गुणावगुणावर नाही, खर्चाची रक्कम म्हणजे हुकूमनामा नव्हे, आणि त्यावरचे व्याज तर मुळीच नाही, असे तिचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये तिन्ही मुद्दे नाकारले. दोन्ही बाजू ऐकून कारणे देऊन झालेला तो आदेश होता आणि खर्च हा दंड नव्हे. याउलट 2001 साली लुधियानाच्या एका लोकरगिरणीविरुद्धचा इंग्लंडचा एकतर्फी निकाल याच न्यायालयाने अडवला होता, कारण पुरावा तपासल्याची खूण त्यात नव्हती. त्यामुळे परदेशात दावा चालवणाऱ्या वकिलाने प्रतिवादी गैरहजर असला तरी पुरावा दाखल करून कारणांसह निकाल मागून घ्यावा. नुसता ‘उत्तर आले नाही म्हणून मंजूर’ हा कागद इथे चालत नाही. आणि सरळ वाट म्हणजे झटपट वाट, असेही समजू नये. सुमारे 12,230 पौंडांसाठी नाशिकच्या प्रकरणाला दहा वर्षे लागली.

मुदतीचा सापळा तर याहून घातक आहे. लंडनच्या न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये बँक ऑफ बडोदाच्या बाजूने वैश्य बँकेविरुद्ध हुकूमनामा दिला होता. बँक ऑफ बडोदाने बंगळूरमध्ये दरखास्त दिली ऑगस्ट 2009 मध्ये. तिचा भरवसा असा की, दरखास्त देईपर्यंत भारतीय मुदत सुरूच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये सांगितले की मुदत मूळ देशाची धरायची. इंग्लंडमध्ये ती सहा वर्षे आहे, म्हणून दरखास्त उशिरा आली आहे. भारतीय हुकूमनाम्याला मिळणारी बारा वर्षे इथे मिळत नाहीत.

त्याच वर्षी जानेवारीत आखाताचा दरवाजा उघडला. संयुक्त अरब अमिरातीशी दिवाणी निकालांबाबतचा करार 1999 सालीच झाला होता, पण कलम 44क खालची अधिसूचना निघाली 17 जानेवारी 2020 रोजी. मधली वीस वर्षे दुबईच्या न्यायालयात जिंकलेल्या धनकोला मुंबईतल्या ऋणकोविरुद्ध नवा दावाच लावावा लागत होता. आता तिथल्या अधिसूचित न्यायालयांचा हुकूमनामा हाती असेल, तर तोही प्रमाणित प्रत आणि प्रमाणपत्र घेऊन थेट दरखास्त देऊ शकतो.