सात किलोंची पिशवी, बत्तीस घरांचा तक्ता

पिशवीत जास्तीत जास्त ७ किलो वजन चालतं. समोर चार वस्तू आहेत. ‘क’चं वजन ५ किलो आणि मोल ११, ‘ख’चं वजन १ आणि मोल १, ‘ग’चं वजन ३ आणि मोल ६, ‘घ’चं वजन ४ आणि मोल ८. वस्तू घ्यायची तर अख्खी घ्यायची, तोडायची नाही, आणि प्रत्येक वस्तू एकच आहे. पिशवीतलं एकूण मोल जास्तीत जास्त किती होईल?

हात आपसूक ‘क’कडे जातो, कारण किलोमागे सगळ्यात जास्त मोल तिचंच आहे: २.२. ती घेतली की उरलेल्या २ किलोंत फक्त ‘ख’ बसते आणि बेरीज होते १२. पण ‘ग’ आणि ‘घ’ मिळून बरोबर ७ किलो भरतात आणि त्यांचं मोल १४ होतं. म्हणजे सगळ्यात किफायतशीर वस्तू आधी उचलली, तिथेच घोळ झाला.

सगळ्या जोड्या-तिकड्या करून बघायच्या म्हटलं, तर चार वस्तूंच्या १६ निवडी होतात; हे हातानेही जमेल. वस्तू ३० झाल्या की निवडी १०७ कोटींच्या वर जातात. गंमत अशी की यातलं बरंचसं काम तेच ते असतं. समजा, आपण ‘घ’पासून उलट निघालो आणि प्रत्येक वस्तूपाशी ‘घेऊ की नको’ ठरवत आलो. एकाने ‘घ’ घेतली, ‘ग’ आणि ‘ख’ सोडल्या. दुसऱ्याने ‘घ’ सोडली, ‘ग’ आणि ‘ख’ घेतल्या. दोघांनीही ४ किलो वापरले, दोघांकडे ३ किलो जागा उरली आणि दोघांसमोर फक्त ‘क’ आहे. इथून पुढचा प्रश्न दोघांचा अगदी एकच आहे, तरी दोघंही तो स्वतंत्रपणे सोडवत बसतात. यालाच ओव्हरलॅपिंग सबप्रॉब्लेम्स म्हणतात: वेगवेगळ्या वाटांनी येऊन पुन्हा त्याच छोट्या प्रश्नावर पोचणं.

मग तो छोटा प्रश्न एकदाच सोडवून लिहून का ठेवू नये? त्यासाठी तक्ता; या पद्धतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. प्रत्येक ओळीत एक वस्तू नव्याने हाताशी येते, आणि रकाने म्हणजे पिशवीची क्षमता, ० ते ७ किलो. घरातला आकडा सांगतो, ‘इथपर्यंतच्या वस्तू आणि एवढी क्षमता असेल, तर जास्तीत जास्त मोल किती’.

| वस्तू | ० | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| क (५, ११) | ० | ० | ० | ० | ० | ११ | ११ | ११ |
| ख (१, १) | ० | १ | १ | १ | १ | ११ | १२ | १२ |
| ग (३, ६) | ० | १ | १ | ६ | ७ | ११ | १२ | १२ |
| घ (४, ८) | ० | १ | १ | ६ | ८ | ११ | १२ | १४ |

घर भरताना फक्त दोन आकडे बघायचे. नवी वस्तू नाही घेतली, तर उत्तर बरोबर वरच्या घरात लिहिलेलंच आहे. घेतली, तर तिच्या वजनाइतके रकाने डावीकडे सरकून वरच्याच ओळीतला आकडा उचलायचा आणि त्यात तिचं मोल मिळवायचं. दोन्हींतला मोठा आकडा घरात लिहायचा. ‘क’च्या वर सगळी शून्यं आहेत असं धरा.

शेवटचं घर जवळून बघू. वरच्या घरात १२ आहे, म्हणजे मघाचाच ‘क’ आणि ‘ख’चा हिशोब. ‘घ’ घेतली तर ४ किलो गेले, म्हणून ‘ग’च्या ओळीत ३ किलोंच्या रकान्यात जायचं. तिथे ६ आहे. सहा आणि आठ चौदा. बारा हरले.

नेमक्या काय वस्तू घेतल्या, हे तक्ता उलट वाचून कळतं. शेवटच्या घरात १४ आणि त्याच्या वर १२. आकडा बदलला, म्हणजे ‘घ’ घेतली. आता ३ किलोंच्या रकान्यात ‘ग’च्या ओळीत ६, वर १, म्हणजे ‘ग’सुद्धा घेतली. उरले शून्य किलो, संपलं.

यात एक गोष्ट आपण गृहीत धरली. ‘घ’ घेतल्यावर उरलेल्या ३ किलोंसाठी आपण आधीचं सर्वोत्तम उत्तर बिनदिक्कत उचललं. हे चालतं, कारण त्या ३ किलोंत याहून चांगलं काही बसत असतं, तर तेच आत घालून आपण एकूण बेरीजही वाढवली असती. मोठ्या प्रश्नाच्या सर्वोत्तम उत्तरात छोट्या प्रश्नांची सर्वोत्तम उत्तरंच असतात, या गुणाला ऑप्टिमल सबस्ट्रक्चर म्हणतात. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे नाव देणाऱ्या रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात हाच विचार सर्वोत्तमतेचं तत्त्व म्हणून मांडला. (नावातल्या ‘प्रोग्रॅमिंग’चा कोड लिहिण्याशी संबंध नाही, त्या काळच्या वापरात त्याचा अर्थ नियोजन.)

हा गुण आपोआप मिळत नाही. ‘ग’ आणि ‘घ’ एकत्र ठेवता येत नाहीत अशी अट घाला, की तक्ता सरळ खोटं बोलतो. ३ किलोंच्या घरातला ६ हा आकडा ‘ग’मुळे आला आहे, पण घराला फक्त आकडा आठवतो, तो कुठून आला ते नाही. उपाय असा: प्रत्येक घरात दोन आकडे ठेवायचे, एक ‘ग’ घेऊन आणि एक ‘ग’ न घेता. मग ‘घ’ला जोडायला ६ऐवजी १ मिळतो, बेरीज ९ होते आणि १२ जिंकतात. माझ्या मते खरी कसब इथेच आहे. सूत्र कुणीही लिहील. घराने काय लक्षात ठेवायचं हे ठरवणं अवघड.

वस्तू ३० आणि क्षमता १०० किलो असेल, तर घरं होतात ३,०३०. कुठे १०७ कोटी आणि कुठे हे! पण हीच वजनं ग्रॅममध्ये मोजा. आपल्या ७ किलोंच्या तक्त्याला आठऐवजी ७,००१ रकाने लागतील आणि उत्तर तेच, १४. क्षमतेच्या आकड्यात एक अंक वाढला की तक्ता साधारण दहापट होतो. आकडे फार मोठे असले, तर ही पद्धतही हात टेकते.

जागा वाचवण्यासाठी बरेच जण पूर्ण तक्ता न ठेवता एकच ओळ पुन्हा पुन्हा खोडून भरतात:

```python
best = [0] * (W + 1)
for w, v in items:
    for c in range(W, w - 1, -1):
        best[c] = max(best[c], best[c - w] + v)
```

इथे रकाने उजवीकडून डावीकडे भरायचे असतात. मी एकदा ते सवयीने डावीकडून भरले. तसं केलं की डावीकडचं घर आधीच नवं झालेलं असतं, आणि तीच वस्तू दुसऱ्यांदा पिशवीत जाते. आपल्याच उदाहरणात ‘ख’ची ओळ तेव्हा ०, १, २, ३, ४, ११, १२, १३ अशी येते: शेवटच्या घरात ‘क’ आणि दोन ‘ख’. वाईट म्हणजे पुढच्या दोन वस्तू घातल्यावर शेवटचं उत्तर १४च निघतं, आणि चूक बेमालूम लपते. म्हणून आता मी आधी एकट्या ‘ख’ला ७ किलोंच्या पिशवीत घालून बघतो. उत्तर १ यायला हवं. ७ आलं, तर दिशा उलटी आहे.