सार्वजनिक कार्यक्रमाचा परवानगी अर्ज

मैदान, चौक किंवा रस्त्याचा भाग काही काळ वापरायला मिळावा म्हणून मंडळाने किंवा संस्थेने स्थानिक स्वराज्य संस्थेकडे केलेला लेखी अर्ज. सांगलीत तो सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या आयुक्तांच्या नावे जातो, साताऱ्यात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी वेगळी काढावी लागते आणि तिचा रस्ता पोलीस ठाण्यातून जातो. म्हणून 'प्रत माहितीस्तव' खाली पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा आणि अग्निशमन विभाग ही नावे असतात.

अर्जाचा साचा सर्वांना पाठ असतो: प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. कस लागतो तो तारखांत आणि गर्दीच्या आकड्यात. कार्यक्रम एका संध्याकाळचा असला तरी जागा अडते ती मांडवाचा पहिला वासा उभा राहतो तेव्हापासून शेवटचा टेम्पो निघेपर्यंत. 'दि. १४ रोजी सायंकाळी ६ ते ९.३०' एवढेच लिहिले आणि मांडववाला १२ तारखेलाच आला, तर ते दोन दिवस विनापरवाना ठरतात. मांडव उभारणी, कार्यक्रम आणि जागा मोकळी करणे या तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात. रात्री १० ते सकाळी ६ खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे शेवटच्या वक्त्याची वेळही त्याआधीची हवी.

गर्दीचा अंदाज हा अर्जाचा कणा आहे. 'अंदाजे ५०० लोक' हा आकडा बहुतेक वेळा सवयीने, किंवा मोठा आकडा पाहून हरकत येईल या भीतीने लिहिला जातो. तो जागेवरून काढायचा असतो. समजा, विश्रामबाग भागात ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद मैदानावर कीर्तन आहे. एकूण जागा १००० चौरस मीटर. व्यासपीठ, जनरेटर, चपलांची जागा आणि ये-जा करायच्या वाटा यांत ३०० चौरस मीटर गेले. उरलेल्या ७०० चौरस मीटरमध्ये सतरंजीवर चौरस मीटरला दोन माणसे धरली, तर १४०० माणसे बसतात. अर्जात हाच आकडा कमाल म्हणून लिहावा. त्यापुढे फाटकावर प्रवेश थांबवला जाईल, हेही त्यातच यावे.

आता बाहेर पडण्याचा हिशेब. सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ६० माणसे निघतात, असे सावधपणे धरता येते. मैदानाला ३ मीटर आणि २ मीटर अशी दोन फाटके आहेत. नेमके मोठे फाटक अडले असे गृहीत धरायचे, कारण आग किंवा बंद पडलेली गाडी फाटक निवडून येत नाही. उरलेल्या २ मीटरमधून मिनिटाला १२० माणसे, म्हणजे १४०० जणांना सुमारे १२ मिनिटे. आठ मिनिटांच्या आत मैदान रिकामे व्हावे असे धोरण ठेवले, तर हे चालत नाही. कुंपणात २ मीटरचे आणखी एक फाटक काढले की वेळ सहा मिनिटांवर येते. तसे फाटक निघत नसेल, तर कमाल आकडा ९५० च्या आसपास आणावा लागतो. अर्जातले सुरक्षेचे वाक्य मग असे उतरते: 'तिन्ही फाटके कार्यक्रम संपेपर्यंत कुलूप न लावता उघडी राहतील, प्रत्येकी दोन स्वयंसेवक उभे असतील, ३ मीटरच्या फाटकासमोर वाहने लावू दिली जाणार नाहीत.' 'योग्य ती दक्षता घेण्यात येईल' या वाक्यावरून मात्र अधिकाऱ्याला काहीच तपासता येत नाही.

२५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या मांढरदेवी येथे यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक गेले. डोंगरावरच्या देवळाकडे जाणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि त्यात दुकानांना आग. वाटेची रुंदी आणि माणसांची संख्या एकत्र मांडून पाहायची ती यासाठीच.

अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा जोडावा. त्यात फाटकांची मीटरमधली रुंदी, जनरेटर, अग्निशामक नळकांडी, प्रथमोपचाराची जागा आणि अग्निशमन गाडीची मोकळी वाट दाखवावी. शंभर मीटरच्या आत दवाखाना, शाळा किंवा न्यायालय असेल तर तेही दाखवावे, कारण तो परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित झालेला असू शकतो.

आवक विभागातून शिक्का आणि आवक क्रमांक मिळतो ती केवळ पोच असते. तिच्याच भरवशावर मांडव घालणारी मंडळे बरीच आहेत. परवानगी म्हणजे अटींसह आलेले सहीचे पत्र. त्यातल्या अटी मांडववाल्याला आणि साउंडवाल्याला वाचून दाखवाव्या लागतात, कारण वासे कुठे रोवायचे आणि आवाज कधी बंद करायचा हे त्यांच्या हातात असते. वासे काढल्यावर डांबरातले खड्डे बुजवायचे कामही बहुधा याच अटींत येते.