मल्टिकास्ट पूर आणि आयजीएमपी स्नूपिंग

औद्योगिक इथरनेटवर एका गटासाठी निघालेली पॅकेटे स्विचच्या सगळ्या पोर्टांतून बाहेर पडत राहणे, याला मल्टिकास्ट पूर म्हणतात. स्विच आपला पत्त्यांचा तक्ता पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांवरून भरतो. गटाचा पत्ता पाठवणारा म्हणून कधीच येत नाही, म्हणून तो तक्त्यात शिरत नाही आणि स्विच ती पॅकेटे सगळीकडे सोडतो.

अंधेरी एमआयडीसीतल्या एखाद्या पॅकिंग लाइनचे उदाहरण घेऊ. तिथे इथरनेट/आयपीवर चालणारे २० इनपुट-आउटपुट संच दर २ मिलिसेकंदांनी आपली स्थिती मल्टिकास्टने पाठवतात. मिळून सेकंदाला १०,००० पॅकेटे होतात. प्रत्येक शंभरेक बाइटांचे धरले, तर १०० मेगाबिटच्या तारेचा जेमतेम दहावा हिस्सा भरतो. तरीही त्याच स्विचवरचा वजनकाटा किंवा लेबल प्रिंटर अधूनमधून जोडणी सोडतो, कारण त्याच्या छोट्या प्रोसेसरला नको असलेले प्रत्येक पॅकेट उघडून टाकून द्यावे लागते. तारेचा वापर मोजून हा दोष सापडत नाही. मोकळ्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्कमध्ये पुढील गाळणी द्यावी:

```
udp.port == 2222
```

कोणी न मागता पॅकेटे दिसली, तर पूर आहे.

स्नूपिंगमध्ये स्विच गटाच्या सभासदत्वाचे आयजीएमपी संदेश ऐकतो आणि मागणाऱ्या पोर्टांपुरतीच पॅकेटे सोडतो. आयजीएमपीची पहिली आवृत्ती १९८९ सालच्या आरएफसी १११२ मध्ये आली. स्नूपिंगचा उगम मात्र एका दस्तऐवजाला जोडता येत नाही. ते आधी निर्मात्यांच्या स्विचांत रुळले असावे, आणि २००६ सालच्या आरएफसी ४५४१ ने त्या प्रथेची नोंद केली. तो माहितीपर आहे, मानक नव्हे. त्यामुळे कोणीच न मागितलेल्या गटाचे काय करायचे, यावर वर्तन वेगवेगळे आहे. काही स्विच ती पॅकेटे सर्वत्र सोडतात, काही फक्त राउटरच्या पोर्टाकडे. यंत्र चालू ठेवण्याच्या दृष्टीने पहिली रीत अधिक सुरक्षित वाटते.

खरी अडचण क्वेरियरची असते. सभासदत्वाची नोंद साधारण २६० सेकंदांत बाद होते. ती टिकवण्यासाठी कोणाला तरी, म्हणजेच क्वेरियरला, दर १२५ सेकंदांनी विचारणा करावी लागते. हे काम सहसा राउटर करतो, आणि यंत्राच्या बंद नेटवर्कवर राउटर नसतो. मग लाइन सुरू झाल्यावर चारेक मिनिटे सुरळीत चालते. नंतर पूर परततो किंवा, दुसऱ्या प्रकारच्या स्विचवर, जोडण्या तुटतात. एका मॅनेज्ड स्विचला आयपी पत्ता देऊन क्वेरियर करणे हा उपाय. अनेक उमेदवार असतील, तर सर्वांत लहान पत्त्याचा निवडला जातो. सिस्कोच्या स्विचवर ते असे तपासता येते:

```
show ip igmp snooping querier
```

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा अनमॅनेज्ड स्विच मध्ये बसवला, तर त्याच्या मागच्या एका उपकरणाने मागितलेला गट तिथल्या सर्वांना मिळतो.

224.0.0.x हे पत्ते स्नूपिंगनंतरही सर्वत्रच जातात. वीज उपकेंद्रांतील गूज संदेशांना आयपी थरच नसल्याने स्नूपिंग त्यांना आवरू शकत नाही. तिथे व्हीलॅन वेगळे करावे लागते.