मे महिन्यात लंबकाचं घड्याळ किती मागे पडतं?

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या वाड्याच्या ओसरीवर लंबकाचं घड्याळ होतं. आजोबा संक्रांतीच्या सुमारास ते रेडिओच्या वेळेशी जुळवायचे. मे उजाडला की ते रोज थोडं थोडं मागे पडायचं. "उन्हानं दांडी वाढते रे," आजोबा म्हणायचे. ती किती वाढते, हे मी पुष्कळ उशिरा मोजलं.

दांडी पोलादाची धरू. तापमान 1 अंश सेल्सिअसने चढलं की पोलाद आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढतं. जानेवारीत ओसरीवर 15 अंश आणि मेमध्ये दिवसरात्रीची सरासरी 35 अंश धरली, तर फरक 20 अंशांचा. म्हणजे दहा लाखांत 240 भाग वाढ. मीटरभर दांडीला ही वाढ जेमतेम पाव मिलिमीटर आहे.

लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वाढ इतकी बारीक असली की वर्गमुळामुळे ती निम्मी होते, दहा लाखांत 120 भाग. हे निम्मं करायचंच बहुतेक जण विसरतात आणि उत्तर दुप्पट येतं. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणून रोजची पिछाडी:

½ × 0.000012 × 20 × 86400 ≈ 10.4 सेकंद

या गणितात दांडीची लांबी कुठेच उरलेली नाही. वीतभर लंबक असो की मीटरभर, पिछाडी तेवढीच. महिन्यात ती पाच मिनिटांवर जाते. दांडी पितळी असेल, तर रोज साधारण 16 सेकंद. पण घड्याळ रोज मिनिटभर मागे पडत असेल, तर दोष उन्हाला देऊ नये: पोलादी दांडीला त्यासाठी जवळपास 116 अंशांची वाढ लागेल. तिथे वाळलेलं तेल किंवा झिजलेली चाकं पाहावीत.

यावरचा एक जुना उपाय मला फार आवडतो. पितळेची आणि पोलादाची पट्टी एकमेकींवर पक्की जोडायची. पितळ दहा लाखांत 19 भाग वाढतं, पोलाद 12. दोघींना वेगळं होता येत नाही, म्हणून जोडपट्टी वाकते आणि पितळ बाहेरच्या बाजूला राहतं. दोन्ही मिळून 1 मिलिमीटर जाडीची, 10 सेंटिमीटर लांब पट्टी एका टोकाला घट्ट धरली, तर 20 अंशांना दोन धातूंच्या वाढीतला फरक असतो 0.014 मिलिमीटर, मोकळं टोक मात्र जवळपास 1 मिलिमीटर सरकतं. डोळ्यांना न दिसणारी वाढ वाकण्यातून सत्तरपट होते.

अशी पट्टी दांडीच्या खालच्या भागात आडवी बसवतात, पितळ खाली ठेवून, आणि तिच्या दोन्ही टोकांना छोटी वजनं लावतात. उष्णतेनं दांडी लांबते, लंबकाचा गोळा खाली जातो. त्याच वेळी पट्टीची टोकं वर वळून वजनं उचलतात. घड्याळ उन्हाळ्यात उलट पुढे जायला लागलं, तर दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली असं समजायचं आणि वजनं थोडी आत, दांडीकडे सरकवायची. आमच्या घड्याळाला अशी पट्टी नव्हती. आजोबा मेमध्ये गोळ्याखालचा नट किंचित फिरवून गोळा वर घ्यायचे आणि थंडी पडली की पुन्हा खाली सोडायचे.